सुताची घट आणि सॉफ्टवेअरचा भाव: सोलापुरातलं एक प्रकरण

मी कॉस्ट अकाउंटंट. सव्वीस वर्षं सोलापुरात टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांचे हिशोब करतोय. एक किलो टॉवेल कितीला पडतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणूनच, सॉफ्टवेअरचा भाव ठरवायला एक बहीण-भाऊ माझ्याकडे आले तेव्हा माझ्याच धंद्याची पद्धत मला आडवी आली. खाली दिलेले आकडे कुणाची ओळख पटू नये म्हणून थोडे गोल केले आहेत, हिशोबाची रीत मात्र तीच ठेवली आहे.

त्यांच्या वडिलांचे दहा माग आहेत. ताई संगणक शिकलेली, धाकटा भाऊ कारखान्यात वाढलेला. दोघांनी मिळून टॉवेलवाल्यांसाठी सुताचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं. व्यापाऱ्याकडून किती सूत आलं, त्यातलं किती रंगाईला बाहेर गेलं, किती वजनाने परत आलं, बीमला किती लागलं, टॉवेल किती किलो उतरले, हे सगळं दिवाणजीने फोनवर टाकायचं आणि मालकाने रात्री पाहायचं. बहुतेक कारखान्यांत टॅली असतेच आणि बाहेरून करून घेतलेल्या कामाच्या, म्हणजे जॉबवर्कच्या, नोंदी तिच्यातही ठेवता येतात. पण आमच्याकडे टॅली भरतात ती जीएसटीच्या तारखेला, बिलं समोर घेऊन. लडी काट्यावर चढते त्या घटकेला तिथे टॅली नसते. नेमक्या त्या जागेसाठी यांचं सॉफ्टवेअर होतं.

भावाने एक कागद पुढे केला. "काका, खर्च काढलाय. तुम्ही फक्त नफा किती टक्के धरायचा तेवढं सांगा."

कागद नीटनेटका होता. सॉफ्टवेअर बनवायला 12 लाख गेले होते, ते तीन वर्षांत विभागून वर्षाचे 4 लाख. दोघांचा पगार, फोन उचलणारा एक मुलगा, होटगी रोडवरच्या खोलीचं भाडं, सर्व्हर आणि पेट्रोल मिळून वर्षाचे 11 लाख. एकूण 15 लाख. पन्नास गिऱ्हाइकं धरली की एकाला वर्षाचे 30,000 पडतात. त्यावर 25 टक्के चढवले की 37,500, म्हणजे महिना 3,125 रुपये.

मी विचारलं, "पन्नास कुठून आले?"

"अंदाज."

मी त्याच कागदावर पंचवीस गिऱ्हाइकं धरून पाहिली. भाव महिना 6,250 निघाला. शंभर धरली तर 1,560 च्या आसपास. गिऱ्हाइकं किती येणार हे भावावर ठरणार, आणि भाव काढायचा तर गिऱ्हाइकं किती ते आधी ठाऊक हवं. कुत्र्याने स्वतःच्या शेपटीमागे धावावं तसा हा हिशोब. त्यातही तो वाकड्या दिशेने पळवतो. समजा पन्नासच्या जागी तीसच आले. मग हा कागद म्हणणार की एकाला आता जास्त पडतंय, भाव वाढवा. भाव वाढवला की तिसाचे वीस होतील, आणि कागद पुन्हा म्हणेल वाढवा.

टॉवेलच्या धंद्यात असं का होत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला समजावून सांगावं लागलं. टॉवेलच्या किलोत सर्वांत मोठा वाटा सुताचा असतो, आणि सूत प्रत्येक किलोला नव्याने लागतं. शंभर किलो विणा की दहा हजार, किलोमागचा खर्च फारसा हलत नाही. शिवाय टॉवेल घेणाऱ्या चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याला सुताचा आजचा भाव आपल्याइतकाच ठाऊक असतो. तोही मनात तोच हिशोब मांडून बसलेला असतो. म्हणून तिथे खर्चावर नफा चढवून लावलेला भाव दोघांनाही रास्त वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये 12 लाख एकदाच गेले आणि ते परत येणार नाहीत. एकावन्नावं गिऱ्हाईक आलं तर सर्व्हरचे आणि फोनवरच्या वेळेचे मिळून महिन्याला साधारण 600 रुपये वाढतात, बाकी काही नाही. किलोमागे किती पडतं, या प्रश्नाला इथे उत्तरच नाही, कारण किलोच नाही.

मी त्यांना म्हटलं, हा कागद जपून ठेवा, पुढे लागेल. पण त्यातून भाव निघणार नाही. भाव गिऱ्हाइकाच्या गोदामात आहे, तिथे जाऊन मोजावा लागेल.

ओळखीचा एक कारखाना निवडला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चाळीस माग. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. महिन्याला सुमारे 24 टन सूत लागतं, त्यातलं 10 टन बाहेर रंगाईला जातं. अण्णांनी तीन महिने सॉफ्टवेअर फुकट वापरायचं आणि बदल्यात आम्हाला प्रत्येक चलन पाहू द्यायचं, असं ठरलं. हे तीन महिने म्हणजे 2023 चे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर. मोजणीसाठी हे महिने वाईट निघाले, पण ते नंतर कळलं.

रंगाईवाल्याशी अण्णांचा जुना बोल होता की शंभर किलोला चार किलो घट चालेल. कच्च्या सुतातलं मेण, कचरा धुऊन जातो, वजन कमी होणारच. तीन महिन्यांची सरासरी निघाली शंभराला 5.6. म्हणजे बोलीपेक्षा 1.6 किलो जास्त, दहा टनांवर महिन्याला 160 किलो. सुताचा भाव तेव्हा किलोला 240 धरला तर महिन्याला 38,400 रुपये.

त्या संध्याकाळी दोघं भलतेच खुशीत माझ्याकडे आले. भावाने भावपत्रकसुद्धा तयार केलं होतं: अण्णांचे 38,400 वाचतात, आपण 10,000 मागू, तरी त्यांना 28,400 उरतात. गिऱ्हाइकाच्या फायद्यावर भाव लावायचा म्हणजे इतकंच, असा त्याचा समज होता. पुष्कळांचा असतो.

मी विचारलं, "अण्णांच्या हातात किती आले?"

दोघं गप्प.

सापडलेलं नुकसान आणि वसूल झालेलं नुकसान यांत मोठं अंतर असतं. ते अंतर पाहायला आम्ही तिघं एका बुधवारी सकाळी अण्णांच्या गोदामात जाऊन उभे राहिलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पत्र्याच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपून खालच्या गोणीपर्यंत ओल आली होती. हमालाने गोणी काट्यावर टाकली, दिवाणजीने आकडा वाचला आणि फोनमध्ये भरला. ताईने गोणीत हात घालून लडी चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. लडी गार, ओलसर लागत होती.

कापूस हवेतलं पाणी धरतो. व्यापारात कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के ओल प्रमाण मानतात. दमट हवेत ती त्याहून वर जाते. अण्णांकडून सूत ओल धरून जायचं आणि रंगाईवाल्याच्या ड्रायरमधून कोरडं होऊन परत यायचं. कमी झालेलं ते वजन सुताचं नव्हतं, पाण्याचं होतं. दुसरी गोष्ट काट्याची. एकच गोणी दोन्हीकडच्या काट्यांवर टाकून पाहिली, तर अण्णांचा काटा 150 ग्रॅम जास्त दाखवत होता. जाताना वजन अण्णांच्या काट्यावर व्हायचं आणि येताना रंगाईवाल्याच्या. 160 किलोंतले सुमारे 70 या दोन कारणांनी गेले. उरले 90.

ते 90 घेऊन अण्णा रंगाईवाल्याकडे गेले. मीही सोबत होतो. चहा झाला, जुन्या ओळखी निघाल्या, मग आकडे निघाले. रंगाईवाला म्हणाला, रंग नीट न बसलेल्या लडी परत उकळाव्या लागतात, त्यात तुटतात, त्या आम्ही बाजूला टाकतो. तासाभराच्या घासाघिशीनंतर महिन्याला सरासरी 55 किलोंची वजावट बिलात द्यायला तो कबूल झाला. 55 गुणिले 240, म्हणजे 13,200 रुपये.

पुढच्या महिन्यात त्याने रंगाईचा दर किलोला पन्नास पैशांनी वाढवून मागितला. त्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हतं. त्या सैल घटीवर त्याचा दर बेतलेला होता, ती आवळली की दर वर येणार. दहा टनांवर 5,000 रुपये. अण्णांच्या हाती राहिले 8,200.

फायद्याचा हिशोब मांडताना हे नेहमी सुटतं. आपलं सॉफ्टवेअर एका माणसाच्या खिशातून पैसे काढून दुसऱ्याच्या खिशात घालतं, तेव्हा पहिला माणूस स्वस्थ बसत नाही. म्हणून मी आता पहिल्या महिन्याचा आकडा धरतच नाही. समोरच्याने त्याची चाल खेळल्यावर जे उरतं तेच धरतो.

आणखी दोन गोष्टी मोजल्या. गोदामात जुन्या रंगांचं 1,440 किलो सूत पडून होतं, तीन वर्षांत साठलेलं, म्हणजे महिन्याला 40 किलोंच्या हिशोबाने. शिल्लक फोनवर दिसायला लागल्यावर नवी ऑर्डर टाकताना ते आधी वापरलं जाऊ लागलं आणि साठणं निम्म्यावर आलं. रंगवलेलं सूत 300 ला पडतं, भंगारात 100 ला जातं, म्हणजे 20 किलोंमागे महिन्याला 4,000 वाचले. जुन्या साठ्यातलं जे वापरून झालं त्याचेही पैसे सुटले, पण ती एकदाची कमाई. दर महिन्याच्या वर्गणीत ती धरायची नाही, यावर मी अडून बसलो. दुसरी गोष्ट आयटीसी-04. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा हा तपशील 5 कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना सहा महिन्यांनी भरावा लागतो, बाकीच्यांना वर्षातून एकदा. तो आता तयार मिळू लागल्याने बाहेर द्यावे लागणारे पैसे वाचले, महिन्याला 500 पडतील इतके.

दिवाणजीचे महिन्याला दोन दिवस वाचत होते, ते मात्र मी शून्य धरले. भाऊ चिडला. "काका, दोन दिवस म्हणजे काहीच नाही?" मी म्हटलं, त्यांचा पगार दोन दिवसांनी कमी झाला का? त्या दोन दिवसांत त्यांनी दुसरं काही काम केलं का? दिवाणजी त्या वेळात पेपर वाचत होते, मी पाहिलं होतं.

एकूण झाले 8,200 अधिक 4,000 अधिक 500, म्हणजे 12,700. अडतीस हजारांवरून आपण इथे आलो.

आता यातलं किती मागायचं? पुस्तकात असं शिकवतात की गिऱ्हाइकाकडे तुमच्याशिवाय जो सर्वांत चांगला पर्याय आहे त्याची किंमत धरा, आणि तुमचा माल त्याहून जितका सरस असेल तितकं वर जा. पर्याय कोणता, हे अण्णांनीच सांगितलं, तेही न विचारता.

"हे बघ बाळा, तुझं हे चांगलंय. पण मी एक पोरगा काट्यावर उभा केला वही घेऊन, तरी रंगाईवाला सुधारेल की नाही? दहा हजारांत पोरगा मिळतो. तो गोण्यापण उचलंल, चहापण आणंल. तुझा फोन चहा आणत नाही बे."

"पोरगा रंगाईवाल्याकडून पाचशे घेऊन आकडा बदलेल, अण्णा," भाऊ म्हणाला.

"बदलंल. म्हणून तर तुझ्याशी बोलतोय. चार रुपये मला वाचले तर त्यातला एक तुझा. त्याच्या वर नको."

फायद्याचा चौथा भाग. एवढा कमी का, असं ताईने नंतर विचारलं. मला तो योग्यच वाटला. वजनं टाकायची मेहनत अण्णांच्या माणसांची, रंगाईवाल्याशी वाईटपणा घ्यायचा अण्णांनी, आणि पुढच्या वर्षी सूत स्वस्त झालं तर वाचणारे पैसेही कमी होणार. एवढा भार ज्याच्या डोक्यावर, त्याच्याकडे मोठा वाटा राहिलाच पाहिजे. चौथा भाग म्हणजे 3,175 रुपये.

भावाने खिशातून पहिला कागद काढला. त्यावर 3,125 होतं. "मग एवढं कशासाठी केलं?" असं तो म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर दिसत होतं.

दोन रस्ते एकाच ठिकाणी आले हा निव्वळ योगायोग. तो योगायोग आहे हे दाखवायला मी त्यांना त्यांच्याच वडिलांच्या कारखान्यात नेलं. दहा माग, महिन्याला 1,200 किलो रंगाईला. वडील स्वतः काट्यापाशी उभे राहतात, प्रत्येक लडी त्यांच्या हातून जाते. अण्णांकडे शंभर किलोंमागे 0.55 किलोंची वजावट मिळाली होती. इथे मालकाची नजर असल्याने फार तर सहा किलो सुटले असते, म्हणजे 1,440 रुपये, आणि पन्नास पैसे दरवाढीचे 600 वजा. हाती 840. त्याचा चौथा भाग 210 रुपये. एका गिऱ्हाइकाला सांभाळायचा खर्च मात्र महिना 600.

म्हणजे अशा कारखान्याला लावावा असा भावच अस्तित्वात नाही. 210 च्या वर मागितलं तर तो सोडून जाईल, 600 च्या खाली दिलं तर दर महिन्याला पदरचे घालावे लागतील. ताईला हे लागलं. सॉफ्टवेअर तिने वडिलांचं रात्रीचं डोकं खाजवणं बघून बनवलं होतं. पण आकडे तिनेच माझ्या समोर दोनदा मांडून पाहिले आणि मग गप्प झाली. लहान कारखान्यांना तिने एक साधी एक्सेलची चलन-वही बनवून फुकट दिली. फोन येणार नाहीत या अटीवर.

पुढचा प्रश्न मला भाव किती या आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. पैसे नेमके कशाच्या हिशोबाने घ्यायचे?

मागांच्या संख्येवर घ्यायचा विचार आधी आला, कारण आमच्याकडे कारखान्याचा आकार मागांतच बोलतात. पण मंदीत निम्मे माग बंद असतात आणि चाळीस मागवाला स्वतःचं सूत घरीच रंगवत असेल तर त्याला या सॉफ्टवेअरचा उपयोग जवळजवळ नाही. किती माणसं वापरतात त्यावर घेतले, तर सगळा कारखाना दिवाणजीच्या एकाच पासवर्डवर चालतो. फायदा खरा कशाबरोबर वाढतो? बाहेर रंगाईला जाणाऱ्या किलोंबरोबर. आणि ते किलो सॉफ्टवेअरमध्येच आहेत. मग टनाला 300 रुपये लावा, दर महिन्याच्या नोंदीवरून आपोआप बिल निघेल. भावाला ही कल्पना फारच आवडली.

ती मी मोडली, आणि या प्रकरणात मी काही खरं काम केलं असेल तर ते हेच. नोंदीवर बिल लागणार असेल तर दिवाणजी काय करेल? महिनाअखेरीला चार चलनं टाकणार नाही. 2 टनांचे 600 रुपये वाचवले म्हणून मालकाला सांगेल. चार चलनं सुटली की शिल्लक जुळत नाही, शिल्लक जुळत नाही म्हणून मालकाचा आकड्यांवरचा विश्वास जातो, आणि तीन महिन्यांत तो म्हणतो हे सॉफ्टवेअर बंडल आहे. ज्या नोंदींमधून फायदा निघतो त्यांच्यावरच पैसे लावले, तर नोंदी कमी करण्याचा मोह आपणच पेरतो. आपण मोजतो ती गोष्ट फायद्याच्या जवळची हवी, पण गिऱ्हाइकाने ती चोरली तर त्याचंच नुकसान होईल अशी नको.

वाचलेल्या पैशांतला टक्का घ्यावा असंही निघालं. अण्णांना तर ते पटलंही होतं. पण रंगाईवाला सुधारला की सापडायचं काही उरत नाही. दुसऱ्या वर्षी घट बरोबर चारवर आली तर वाचलेले पैसे कोणत्या आकड्यापासून मोजणार? पहारेकऱ्याला पकडलेल्या चोरामागे पगार दिला, तर चांगला पहारेकरी उपाशी मरेल.

शेवटी ठरलं ते असं. गेल्या वर्षी रंगाईला महिन्याला सरासरी किती सूत गेलं ते कारखान्याच्या आयटीसी-04 वरून पाहायचं आणि त्यावरून वर्षभराचा टप्पा एकदाच ठरवायचा. तीन ते सहा टनांना महिना 1,500. सहा ते बारा टनांना 3,000. बाराच्या वर 7,500. वर्षात चलनं कमी टाका की जास्त, बिल हलणार नाही. तीन टनांच्या खाली नाही म्हणायचं. टप्प्याच्या कडेला बसणाऱ्यांना चिमटा बसतोच. सव्वासहा टनवाला पावणेसहा टनवाल्याच्या दुप्पट देतो आणि कुरकुरतो, त्याला इलाज सापडला नाही.

मोठ्या टप्प्याचा आकडा नुसत्या घटीवर काढलेला नाही, हेही सांगायला हवं. निर्यातवाल्यांपैकी ज्यांच्याकडे सेंद्रिय कापसाचं गॉट्स प्रमाणपत्र आहे, त्यांना किती प्रमाणित सूत घेतलं आणि त्यातून किती माल काढला याचा किलोंचा मेळ तपासनिसाला दाखवावा लागतो. तो मेळ लागला नाही तर दोन-चार हजारांचा नव्हे, ऑर्डरचा प्रश्न होतो. याची रुपयांतली किंमत मला काढता आली नाही. दोन मालकांशी बोलून, 7,500 ऐकल्यावर त्यांनी चेहरा कसा केला ते पाहून ठरवलं. 12,000 ला एकाने चहाचा कप खाली ठेवला होता.

खर्चावर नफा चढवायची पद्धत मी पूर्ण टाकून दिली नाही. सॉफ्टवेअर बसवायला नऊ फेऱ्या लागतात, जुनी शिल्लक मोजून भरावी लागते, दिवाणजीला शिकवावं लागतं. हे काम गिऱ्हाइकागणिक खरोखर नव्याने करावं लागतं, म्हणजे ते टॉवेलसारखंच आहे. त्याचा खर्च काढून, त्यावर थोडं चढवून 9,000 रुपये एकदाच वेगळे घ्यायचे. कुणाला स्वतःसाठी काही खास बदल हवा असेल तर तासांचा हिशोब. हे पैसे वर्गणीत मिसळले असते तर दोन महिन्यांत सोडून जाणाऱ्याने आपल्यालाच खड्ड्यात घातलं असतं.

2025 च्या मार्चअखेरीला स्थिती अशी होती: 1,500 चे नऊ कारखाने, 3,000 चे तेरा, 7,500 चे दोन. महिन्याला 67,500 रुपये. पहिल्या कागदावरचे 11 लाख बाराने भागले की महिन्याचा खर्च येतो जवळपास 91,700. म्हणजे दरमहा 24,000 ची तूट, आणि ते 12 लाख तर अजून दूरच. भाऊ म्हणाला, मग भाव वाढवूया. मी म्हटलं, अण्णांची घट तुझ्या भाड्यामुळे वाढली का? तूट आहे म्हणून अण्णांचा फायदा 12,700 वरून वर जात नाही. तुटीचा कागद वेगळं सांगतोय. प्रत्येकाला सांभाळायचे 600 वजा धरून अजून दहा-अकरा मधले कारखाने मिळवा, नाहीतर होटगी रोडची खोली सोडून घरी बसा. दोन्ही जमणार नसेल तर हा धंदा या भावात, म्हणजे ज्या एकाच भावात तो विकला जातो त्यात, चालत नाही. जपून ठेवलेला कागद यासाठीच लागणार होता. सहा महिन्यांत त्यांनी खोली सोडली. वडिलांच्या कारखान्याच्या माळ्यावर आता ऑफिस आहे, खाली मागांचा खडखडाट चालू असतो आणि फोनवर ओरडून बोलावं लागतं.

त्याच वर्षी मे महिन्यात सात टनवाल्या एका मालकाने वर्गणी बंद केली. दीड वर्ष वापरलं होतं. "आता सगळं सुरळीत आहे, घट चारच्या आसपासच येते, मग पैसे कशाला?" असं त्याचं म्हणणं. पहारेकऱ्याची गोष्ट मी आधी सांगितलीच आहे. ताईने वाद घातला नाही. दिवाणजीला एवढंच सांगितलं की चलनाच्या फाइली टाकू नका.

ऑक्टोबरमध्ये तो परत आला, काहीतरी चुकतंय असं वाटून. धाकट्याने फाइली काढल्या आणि दोन दिवस बसून चार महिन्यांची बेरीज केली. जून ते सप्टेंबर, शंभराला 5.1. त्याने ते आनंदाने मोबाइलवर मला पाठवलं. मी लगेच विचारलं, पावसाळा आहे, ओल धरलीस का? तेवढ्यात ताईचा निरोप आला. तिने आधीच्या वर्षीचे तेच चार महिने, तोच काटा, तेच गोदाम काढून ठेवलं होतं: 4.3. सात टनांवर 0.8 म्हणजे महिन्याला 56 किलो, 13,440 रुपये. त्यातले सगळे हाती येत नाहीत हे आता तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

मालक म्हणाला, "बरं, चालू करा. पण चार महिने बंद होतं, तर बसवायचे नऊ हजार परत लावू नका."

ताईने विचार केला. शिल्लक पुन्हा मोजायला दोन फेऱ्या लागणार होत्या. तिने दोन हजार सांगितले.